खाडा म्हणजे नक्की किती रुपये?

पुण्याच्या पेठांमधल्या मेसच्या भिंतीवर एक कागद हमखास चिकटवलेला असतो. आता तोच मजकूर डबा लावताना मोबाइलवर येतो. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडे धरले जाणार नाहीत. खाडा आदल्या रात्री आठपर्यंत कळवावा. रविवारी संध्याकाळी मेस बंद. डब्याची वेळ बारा ते एक. महिन्याचे पैसे आगाऊ.

कॉलेजच्या दिवसांत मी हा कागद रोज वाचत असे आणि रोज चिडत असे. मी जेवलो नाही तर पैसे का द्यायचे, एवढाच माझा प्रश्न होता. पुढे ओळखीच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात बसायची संधी मिळाली. त्या चाळीस डबे देतात. तिथे त्या कागदातली एकेक ओळ उलगडत गेली आणि मी चकित झालो. एवढ्याशा कागदात एका अख्ख्या स्वयंपाकघराचं घड्याळ आणि जमाखर्च मावलेला होता.

आधी रात्री आठची ओळ घेऊ. मी गेलो तो मंगळवार होता. रात्री साडेआठला काकूंनी मोठ्या पातेल्यात मटकी भिजत घातली. ती बुधवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधली आणि कोपऱ्यात ठेवून दिली. गुरुवारी पहाटे गाठोडं सोडलं तेव्हा प्रत्येक दाण्याला पांढरा, वाकडा मोड फुटला होता आणि गाठोडं बांधताना होतं त्याहून बरंच फुगलं होतं. म्हणजे गुरुवारी दुपारी डब्यात पडणारी उसळ मंगळवारी रात्रीच ठरलेली असते. बुधवारी रात्री आठला कोणी ‘उद्या डबा नको’ म्हटलं, तर त्याच्या वाटणीची मटकी तोवर मोड काढत बसलेली असते. काकूंच्या हातात तेव्हा उरलेली असते ती सकाळच्या भाजीची यादी, भिजवायची कणीक आणि तांदळाचं माप. तेवढं तरी कमी करता यावं म्हणून आठ. सकाळी दहाला फोन आला तर त्यातलंही काही हातात राहत नाही. फार तर चार पोळ्या वाचतात, म्हणजे सव्वाशे ग्रॅम कणीक.

आता पैशांकडे येऊ. काकूंचा दोन वेळच्या डब्याचा महिन्याचा दर ४,२०० रुपये. तीस दिवसांची साठ जेवणं. त्यातून चार रविवारच्या चार संध्याकाळी गेल्या की उरली ५६. चार हजार दोनशेला ५६ ने भागलं तर एक जेवण बरोबर ७५ रुपयांना पडतं. या ७५ मध्ये शिधा, म्हणजे पीठ, तांदूळ, डाळ, भाजी, तेल, मसाला, साधारण ३५ रुपयांचा. उरलेल्या ४० रुपयांत पोळ्या लाटणाऱ्या दोघी बायकांचा पगार, गॅस, जागेचं भाडं, डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार, त्याच्या गाडीचं पेट्रोल आणि काकूंची स्वतःची कमाई. माझा एक डबा कमी झाला म्हणून यातलं जवळपास काहीच कमी होत नाही. पोळीवाल्या बाई तेवढ्याच वेळ उभ्या असतात, मुलगा त्याच गल्लीतून जातो.

खाड्याचं मर्म इथे आहे. वेळेवर कळवलेल्या खाड्यात काकूंचे वाचतात फार तर ३५ आणि सोडावे लागतात ७५. प्रत्येक धरलेल्या खाड्यामागे निदान ४० रुपये त्यांच्या पदरचे जातात. माणूस महिन्यातून दोन-तीनदा बाहेर जेवतोच: मित्राचा वाढदिवस, कोणाकडे पूजा, कधी नुसता कंटाळा. ५६ पैकी तीन जेवणं धरली तरी माणशी एकशेवीस रुपये होतात. एकेक खाडा मोजायचा ठरवला तर तेवढ्याने सगळ्यांचाच दर चढवावा लागेल. तीन दिवसांची अट घालून काकू सुटे खाडे दरातच मुरवून टाकतात आणि गावाला जाणाऱ्याला मात्र सवलत देतात.

तरीही या अटीत एक खोट आहे असं माझं मत झालं. सुट्या खाड्याचा एक पैसाही मिळणार नसेल तर माणूस कळवेल कशाला? तो कळवत नाही. डबा भरला जातो, तीन जिने चढतो, दाराच्या कडीला लटकतो आणि संध्याकाळी जसाच्या तसा परत येतो. असा एक डबा काकूंनी माझ्यासमोर उघडला. उसळीवर तेलाचा तवंग थिजला होता, पोळ्यांच्या कडा कडक झाल्या होत्या, भाताचा गोळा डब्याच्या आकाराचा झाला होता. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त झाकण लावलं. गेल्या वर्षापासून त्यांनी कागदावर एक ओळ वाढवली: रात्री आठच्या आत कळवलेल्या सुट्या खाड्याचे ३५ रुपये धरले जातील. फक्त शिध्याचे पैसे. काकूंचं नुकसान जवळपास शून्य, कारण भिजलेली मटकी सोडली तर तेवढे त्यांचे खरोखर वाचतात. आणि भरून परत येणारे डबे आता क्वचितच दिसतात. डबा लावताना अशी ओळ आहे का, नसेल तर घालणार का, हे जरूर विचारावं.

रविवारची संध्याकाळ बंद का, हे तर मला सगळ्यात उशिरा समजलं. रविवारी दुपारी फीस्ट असते. काकूंकडे त्या दिवशी मसालेभात, बटाटेवडा आणि श्रीखंड किंवा गुलाबजाम. तो डबा ३५ रुपयांच्या शिध्यात होत नाही, जवळजवळ दुप्पट लागतो. संध्याकाळचं जेवण वाचतं ते दुपारच्या श्रीखंडात घातलेलं असतं! पोळीवाल्या बायकांना आठवड्यातून अर्धा दिवस मिळतो तोही त्यातूनच.

मग खाडा मोजताना रविवारची दुपार एक जेवण धरायची की दोन? लातूरच्या एका मुलाचा हिशोब आमच्यासमोर झाला. बहिणीच्या लग्नाला तो गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघणार होता आणि मंगळवारी सकाळी परतणार होता. बुधवारी रात्री पावणेआठला त्याने कळवलं. गुरुवारची रात्र एक, शुक्रवारच्या दोन, शनिवारच्या दोन, रविवारची दुपार, सोमवारच्या दोन.

रविवार एकच धरला तर आठ जेवणं. महिना ५६ जेवणांचा, दर ७५, झाले ६०० रुपये. रविवारची फीस्ट दोन जेवणांची मानली तर महिना ६० चा होतो, दर ७० वर येतो, पण खाडेही नऊ होतात, म्हणजे ६३० रुपये. दोन्ही हिशोब सरळ आहेत. तिसरा एक असतो, त्याच्यापासून जपायला हवं: भागायला साठ घ्यायचे आणि रविवार मात्र एकच मोजायचा. सत्तर गुणिले आठ, ५६० रुपये. फसवायचा हेतू नसतानाही हा हिशोब खूप ठिकाणी होतो, कारण महिना म्हणजे तीस दिवस आणि दिवसाची दोन जेवणं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारावं: भागणार कितीने, आणि रविवार किती धरणार? काकू ५६ ने भागतात.

हे ६०० रुपये त्याला रोख मिळाले नाहीत. त्याचा महिना मंगळवारी तीस तारखेला संपत होता, तो पुढच्या शनिवारी रात्रीपर्यंत वाढला. बुधवार ते शनिवार, आठ जेवणं. रोख द्यायला काकूंना नको असतं, कारण आगाऊ आलेले पैसे पहिल्या आठवड्यातच किराण्यात आणि भाड्यात गेलेले असतात. पुढेही जेवणार असलेल्या माणसाला याने फरक पडत नाही. वर्षअखेरीस धरलेल्या खाड्यांचे पैसे त्याच्या खिशातून गेलेले नसतात. दिवाळीची सुट्टीही अशीच. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत काकूंचं स्वयंपाकघर बंद, चाळिसातले तीस-पस्तीस जण तसेही गावी गेलेले, आणि तेवढे दिवस सगळ्यांचेच पुढे सरकतात. तो खाडा नव्हे, त्यामुळे कळवायचीही गरज नाही. एकादशीला डब्यात साबुदाण्याची खिचडी येते, तोही खाडा नव्हे.

वेळेबद्दल थोडक्यात सांगतो. बारा ते एक असा तासाभराचा पट्टा असतो, कारण मुलगा एक आणि दारं चाळीस. एका दाराशी दीड मिनिट गेलं तरी तास होतो. पण घड्याळ दारापाशी थांबत नाही. शिजलेलं अन्न ६० अंश सेल्सियसच्या खाली आलं की त्यात जिवाणू वाढू लागतात, आणि भातात तर शिजूनही न मरणारे बीजाणू असतात. काकू साडेअकराला भात उतरवतात आणि डबा दोनच्या आत खा म्हणून सांगतात. डबा मिळाल्याबरोबर हात लावून पाहावा. भाताचा कप्पा नुसता कोमट लागत असेल तर डबा बहुधा रोज आपल्याकडे सगळ्यात शेवटी येतोय. अशा वेळी फेरीचा क्रम बदलून मागावा, आणि बहुतेक जण तो बदलून देतातही.

राहिला प्रश्न कायमचं सोडून जाण्याचा. तेव्हा दिवस पुढे सरकवून उपयोग नसतो, रोखच द्यावे लागतात. भांडणंही बहुतेक इथेच होतात. काकूंचा नियम असा: आठ दिवस आधी सांगितलं तर उरलेल्या प्रत्येक जेवणाचे ७५, अचानक सोडलं तर ३५. आठ दिवसांत त्यांना रिकाम्या जागेवर नवा माणूस मिळतो, म्हणून पूर्ण पैसे देणं परवडतं. डब्याचं डिपॉझिट यात येत नाही. प्रत्येकाच्या नावाचे दोन डबे फिरत असतात, एक भरलेला जातो तेव्हा दुसरा रिकामा परत येतो. दोन्ही डबे झाकणांसकट जमा झाले की डिपॉझिट त्याच दिवशी हातात.

लातूरचा तो मुलगा मे महिन्यात परीक्षा संपवून गेला. त्याच्या महिन्याच्या विसाव्या दिवशी सांगितलं, अठ्ठाविसाव्या दिवशी रात्री शेवटचा डबा घेतला. एकोणतीस आणि तीस, दोन्ही साधे वार, चार जेवणं उरली होती. काकूंनी तीनशे रुपये आणि डिपॉझिट त्याच्या हातावर ठेवलं, आणि वहीत त्याच्या नावापुढे रेघ मारली.