भाड्याच्या घरासाठी कपाट: सुताराचं की खोक्यातलं?

पुण्या-मुंबईत भाड्याचा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. त्यामुळे भाडेकरूने कपाट घेताना भावाच्याही आधी एक गोष्ट विचारावी: हे सुटं होतं का, आणि सुटं केल्यावर पुन्हा तितकंच घट्ट बसतं का?

ब्रँडेड कंपन्यांचं, खोक्यात सुटे भाग घालून येणारं फर्निचर बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा डिंकात दाबून केलेल्या फळ्यांचं. दोन दारांचं कपाट ढोबळमानाने 10 ते 15 हजारांत येतं आणि तासा-दोन तासांत उभं राहतं. अडचण दुसऱ्या शिफ्टिंगला येते. स्क्रू काढला की भोकातला चुरा सुटतो, पुन्हा घातला की तो नुसता फिरत राहतो. शिवाय फरशी पुसताना खालच्या कडेला पाणी लागत राहिलं, तर पट्टी उचलली जाते आणि बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड पुन्हा पूर्ववत होत नाही.

सुताराचं प्लायचं कपाट मजबूत खरं, पण नेहमीच्या पद्धतीत तो फेविकॉल लावून खिळे ठोकतो. ते उघडायचं म्हणजे तोडायचंच. अख्खं न्यावं, तर चार फुटी कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. भिंतीत बसवलेलं तर घरमालकालाच ठेवून यावं लागतं.

म्हणून मला तिसरा मार्ग पटतो. सुताराला एक मोठं कपाट न सांगता दोन फूट रुंद, दोन फूट खोल आणि सहा फूट उंच असे दोन स्वतंत्र खण करायला सांगा. प्लायची शीट 8 बाय 4 फुटांची असते. एका शीटमधून सहा फुटी दोन पट्ट्या आणि दोन फुटी दोन तुकडे निघतात. दोन्ही खणांच्या बाजू आणि दारं मिळून सहा पट्ट्या लागतात, म्हणजे तीन शीट. उरलेल्या कप्प्यांसाठी अर्धी शीट पुरते, पण विकत चार घ्याव्या लागतात. पाठीला 6 एमएमची वेगळी शीट लागते. चौरस फुटाला 100 रुपये धरले तर चार शीटचेच 12,800 होतात. सनमायका, बिजागऱ्या आणि मजुरी धरून हिशेब 30 हजारांच्या आसपास जातो.

सांधे मात्र मिनीफिक्सचे करून घ्या आणि तिथे फेविकॉल लावू देऊ नका. खालून दोन-तीन इंचांचे पाय लावून घ्या. प्लायवर आयएस 710 किंवा किमान आयएस 303 हा शिक्का आहे का, ते कापण्याआधी स्वतः पाहा.

वर्ष-दोन वर्षांचाच मुक्काम असेल, तर खोक्यातलं कपाट घ्या आणि निघताना तिथेच विकून टाका. चार-पाच वर्षं शहरातच घरं बदलायची असतील, तर दुप्पट खर्च करून सुटे होणारे खण करून घेणंच परवडतं.