एका कार्टला एकच आठवण

ऑनलाइन दुकानात वस्तू निवडून कार्टमध्ये टाकणारे बहुतेक लोक ती विकत घेत नाहीत. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट ही संस्था अनेक वर्षे वेगवेगळ्या पाहण्यांचे आकडे एकत्र करते आहे. त्यांची सरासरी अशी, की शंभरातल्या सुमारे सत्तर कार्ट पैसे न भरताच सुटतात. त्यातले पुष्कळ जण नुसते बघायला आलेले असतात. ज्यांना खरोखर घ्यायचे होते, त्यांच्या माघारीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम: डिलिव्हरीचा खर्च, कर, कसलीशी फी.

दुकानदाराला अर्थातच ही गिऱ्हाइके परत हवी असतात. त्यासाठी रूढ झालेली रीत म्हणजे मेसेजची मालिका. तासाभरात पहिला, दुसऱ्या दिवशी दुसरा आणि तिसऱ्या दिवशी कूपनसह तिसरा. सरावलेली गिऱ्हाइके हे लवकर ओळखतात. कार्ट मुद्दाम सोडायची, तीन दिवस थांबायचे आणि दहा टक्के सूट पदरात पाडून घ्यायची. म्हणजे जी वस्तू पूर्ण किमतीला गेली असती, तिच्यावर दुकानदार आपल्याच मेसेजमुळे नुकसान सोसतो. जी गिऱ्हाइके सरावलेली नसतात, ती वैतागून नंबर ब्लॉक करतात.

याहून साधी आणि सभ्य पद्धत आहे. थोडा वेळ थांबून एकच आठवण द्यायची, त्यात सूट ठेवायची नाही आणि त्यानंतर त्या कार्टबद्दल पुन्हा कधीही बोलायचे नाही. ऐकायला हे फार सोपे वाटते. प्रत्यक्षात ‘एकच’ आणि ‘कधीही नाही’ हे दोन्ही शब्द संगणकाकडून पाळून घेणे बरेच अवघड आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, कोल्हापुरातले एक छोटे दुकान आपल्या वेबसाइटवर हाताने बनवलेल्या चपला विकते. बुधवारी रात्री ९:४० ला पुण्याच्या एक ताई माप ८ ची कापशी चप्पल कार्टमध्ये टाकतात. किंमत १,८५० रुपये. ईमेल आणि फोन नंबर भरून त्या पुढे जातात, तिथे डिलिव्हरीचे १२० रुपये दिसतात आणि त्या पान बंद करतात. रात्री ११:०५ ला मोबाइलवरून पुन्हा येऊन मापाचा तक्ता बघतात आणि निघून जातात.

आता आठवण कधी पाठवायची? वेळ मोजायची ती शेवटच्या हालचालीपासून, म्हणजे ११:०५ पासून. पहिल्यांदा कार्ट भरली त्या क्षणापासून मोजले, तर माणूस अजून तक्ता बघत असतानाच मेसेज येऊन आदळण्याची भीती असते. प्रत्येक नव्या हालचालीबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर आले पाहिजे. शॉपिफाय या प्रसिद्ध दुकान-प्रणालीत अशा ईमेलसाठी एका तासापासून चोवीस तासांपर्यंतचे पर्याय मिळत आणि त्यात दहा तासांची शिफारस असे. दहा तास हा हिशेब शहाणपणाचा आहे. तेवढ्या वेळात ज्याला स्वतःहून परत यायचे असते तो येऊन जातो, आणि ज्याच्या मनात वस्तू अजून आहे तो ती विसरलेला नसतो. ताईंना आठवण गुरुवारी सकाळी ९:०५ ला जाईल. कार्ट संध्याकाळी पाचला सुटली असती तर दहा तासांनी पहाटेचे तीन वाजले असते. म्हणून वेळ रात्रीत पडत असेल, तर ती सकाळी दहापर्यंत पुढे ढकलायची, असा नियम हवाच.

वर्डप्रेसवर दुकान चालवणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. वर्डप्रेसचे स्वतःचे घड्याळ, म्हणजे WP-Cron, आपोआप चालत नाही. वेबसाइटवर कोणीतरी आले की तेव्हा ते जागे होते आणि राहिलेली कामे उरकते. गर्दी नसलेल्या दुकानात ९:०५ ची आठवण दुपारी दीडला जाऊ शकते. सर्व्हरवर खरे वेळापत्रक लावून दर पाच-दहा मिनिटांनी त्याला हाक मारली, की ही अडचण मिटते.

सकाळचे ९:०५ झाले तरी मेसेज लगेच सोडायचा नाही. त्याच क्षणी आधी काही प्रश्न विचारायचे. ताईंनी वस्तू घेतली आहे का? हे फक्त ईमेलवरून पाहणे पुरेसे नाही. कदाचित सकाळी आठला त्यांनी पतीच्या ईमेलवरून ऑर्डर दिली असेल, म्हणून फोन नंबरही जुळवून बघायचा. माप ८ चा तो जोड अजून शिल्लक आहे का? हातकामाच्या दुकानात एका मापाचा एकच जोड असतो. तो विकला गेला असेल तर आठवण कशाची द्यायची?

सर्वांत नाजूक प्रश्न पैशांचा. आपल्याकडे यूपीआयने पैसे कापले जातात आणि दुकानापर्यंत ‘पैसे मिळाले’ ही खबर पोहोचत नाही, असे घडते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. खात्यातून पैसे गेलेल्या माणसाला ‘तुमची खरेदी अर्धवट राहिली आहे, पैसे भरा’ असा मेसेज गेला, तर तो एक तर दोनदा पैसे भरेल, नाहीतर दुकानाला चोर म्हणेल. म्हणून पेमेंट सुरू होऊन निकाल न लागलेल्या कार्टला आठवण पाठवायचीच नाही. तिथे माणसाने लक्ष घालून गिऱ्हाइकाला फोन करायचा.

उत्तरे ठीक आली, की मेसेज जातो. तो असा असावा: ‘कापशी चप्पल, माप ८, १,८५० रुपये. डिलिव्हरी १२०. एकूण १,९७०. तुमची कार्ट इथे आहे. ही आठवण आम्ही एकदाच पाठवतो.’ ज्या १२० रुपयांनी माणूस मागे फिरला, ते लपवून त्याला परत बोलावण्यात अर्थ नाही. कार्टच्या लिंकमध्ये लांबलचक, अंदाज न करता येणारा संकेत हवा. लिंकच्या शेवटी ५०१, ५०२ असे क्रमांक असतील, तर कोणीही आकडा बदलून दुसऱ्याची कार्ट उघडेल. लिंक पुढे पाठवली जाते हेही गृहीत धरावे, म्हणून ती उघडल्यावर वस्तू दिसाव्यात, पत्ता दिसू नये.

आता ‘एकच’ या शब्दाकडे येऊ. मेसेज पाठवणारा प्रोग्राम आधी मेसेज पाठवतो आणि मग वहीत ‘पाठवला’ अशी नोंद करतो, अशी रचना बहुतेकांना सुचते. पण पाठवल्यानंतर आणि नोंद होण्याआधी सर्व्हर बंद पडला तर? पुन्हा सुरू झाल्यावर त्याला नोंद दिसत नाही आणि तो दुसरा मेसेज सोडतो. म्हणून क्रम उलटा हवा: आधी नोंद, मग मेसेज. यात मधेच बिघाड झाला तर एखाद्याला आठवण जाणारच नाही. हा तोटा पत्करावा. न गेलेल्या आठवणीची तक्रार कोणी करत नाही, दोनदा आलेल्या आठवणीची करतात. शिवाय डेटाबेसमध्येच असे बंधन घालावे, की एका कार्ट क्रमांकाची नोंद दुसऱ्यांदा होऊच शकणार नाही. मग दोन प्रोग्राम एकाच वेळी चालू राहिले, तरी दुसऱ्याला दार बंद मिळते.

‘कधीही नाही’ मात्र मोडतो तो सहसा काही महिन्यांनी, आणि तेही कोणी लबाडी न करता. दुकान ईमेल पाठवणारी कंपनी बदलते. जुन्या कार्टची यादी नव्या यंत्रणेत येते, ‘पाठवले’ ही खूण येत नाही. नव्या यंत्रणेला सगळ्याच कार्ट कोऱ्या दिसतात आणि एका सकाळी शेकडो लोकांना सहा महिन्यांपूर्वीच्या चपलेची आठवण जाते. त्यावर दोन उपाय आहेत. तीन दिवसांहून जुन्या कार्टला कोणत्याही परिस्थितीत मेसेज जाणार नाही, असा कडक नियम. आणि ‘यांना पाठवू नका’ ही यादी सर्वांत आधी नव्या घरी नेणे. कार्टची माहिती पुसून टाकली, तरी मेसेज नको म्हणणाऱ्याचा नकार जपून ठेवावा लागतो. तो पुसला तर नकार दिला होता हेच यंत्रणा विसरते.

चूक होते आहे हे कसे कळेल? प्रत्येक आठवणीची वेळ आणि त्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरची वेळ शेजारी मांडावी. ऑर्डर आधीची आणि आठवण नंतरची, अशी एक जरी ओळ सापडली, तरी तपासणीत भोक आहे. दुसरा इशारा ईमेल कंपन्यांकडून येतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीन माणसांनी ‘स्पॅम’ दाबले की धोक्याची रेषा आली. ती ओलांडली, तर दुकानाची बिलेसुद्धा गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात.

फायदा मोजतानाही सावध राहावे लागते. समजा, शंभर सुटलेल्या कार्टपैकी पन्नासांना आठवण पाठवली, पन्नासांना मुद्दाम पाठवली नाही. पहिल्या गटातून नऊ जण परत आले, दुसऱ्यातून सहा. आठवण विकणाऱ्या कंपनीचा तक्ता नऊ विक्रींचे श्रेय घेईल. पण सहा जण तसेही येणारच होते, म्हणून आठवणीची कमाई तीन. इतक्या थोड्या संख्येत तो तीनचा फरक योगायोगही असू शकतो. निष्कर्ष काढायला काही महिन्यांच्या कार्ट लागतात.

पाठवण्याचा हक्क कुठून येतो, हाही प्रश्न आहे. काही वेबसाइट गिऱ्हाइकाने बटण दाबण्याआधी, नुसता ईमेल टाइप करताच तो उचलतात. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख लोकप्रिय वेबसाइट तपासल्या, तेव्हा अमेरिकेतून पाहिल्यावर २,९५० साइटवर असा ईमेल फॉर्म पाठवण्याआधीच बाहेरच्या कंपन्यांकडे जात होता. हा माल दुकानाने वापरू नये. ‘पुढे जा’ दाबलेल्यालाच आठवण द्यावी, आणि ती दिली जाईल हे त्या बटणाशेजारी लिहावे. व्हॉट्सॲपवर तर कार्टची आठवण मार्केटिंग मेसेज धरली जाते आणि तिचे पैसे लागतात.

भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’विषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यातल्या तेरा प्रकारांत ग्राहकाला वारंवार छळणे आणि ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई करणे या दोन्ही गोष्टी आहेत. सोडलेल्या कार्टवरून एखादे दुकान पिच्छा सोडत नसेल, तर मेसेजचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. नको असलेल्या जाहिराती एसएमएसने येत असतील, तर तक्रारीचा क्रमांक १९०९ आहे.