दोनशे कोटींसाठी दरवर्षी किती बाजूला ठेवायचे?

जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे विकले. मुदत दहा वर्षांची, व्याज ७.५९ टक्के, आणि रोख्यांची नोंद मुंबई शेअर बाजारात. महापालिकेने बाजारात जाऊन पैसे उभे केले याची तेव्हा भरपूर चर्चा झाली. ते पैसे परत कसे करायचे, याची चर्चा फारशी कोणी केली नाही. खरे तर कर्जरोख्याचा अवघड भाग तोच असतो.

व्याजाचा प्रश्न सोपा आहे. २०० कोटींवर ७.५९ टक्क्यांनी वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये होतात. ते दरवर्षी द्यावेच लागतात, म्हणून अंदाजपत्रकात दिसतात. मुद्दलाचे तसे नसते. सगळे मुद्दल मुदतीच्या शेवटच्या दिवशी एकरकमी फेडायचे असेल, तर नऊ वर्षे त्याचा कोणी तगादा लावत नाही आणि दहाव्या वर्षी अख्खे २०० कोटी एकदम दारात उभे राहतात. नगरसेवकांची मुदत पाच वर्षांची, आयुक्तांची बदली त्याहूनही लवकर. कर्ज काढणारे आणि फेडणारे बहुधा वेगळेच असतात. म्हणून पहिल्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची, ती गुंतवायची, आणि मुदत संपेल तेव्हा त्यातून मुद्दल चुकते करायचे, अशी पद्धत आहे. तिला सिंकिंग फंड म्हणतात. सरकारी मराठीत निक्षेप निधी. हाउसिंग सोसायटीच्या बिलात याच नावाचा एक आकार असतो, पण तो इमारतीच्या भविष्यातल्या मोठ्या कामांसाठी. तिथे रक्कम आणि तारीख दोन्ही मोघम असतात. कर्जरोख्याच्या निधीत दोन्ही पक्क्या असतात, आणि म्हणूनच दरवर्षीचा हप्ता नेमका काढता येतो.

तो काढून पाहू. पुण्याच्या रोख्यांचेच आकडे घेऊ, मात्र पुढचे गणित हे उदाहरण आहे; महापालिकेच्या वहीतली रक्कम म्हणून ते वाचू नये. समजा, २०० कोटी दहाव्या वर्षाच्या अखेरीस एकदम फेडायचे आहेत, हप्ता दर वर्षअखेरीस भरायचा आहे, आणि निधीतल्या पैशांवर ६ टक्के व्याज मिळते.

व्याज धरलेच नाही तर उत्तर तोंडपाठ आहे: वर्षाला २० कोटी. पण भरलेला पैसा पडून राहत नाही, त्याला व्याज लागते आणि त्या व्याजालाही व्याज लागते. बँकेतल्या आवर्ती ठेवीसारखेच हे गणित, फक्त उलट्या बाजूने मांडलेले. ठेवीत हप्ता ठरलेला असतो आणि शेवटी किती मिळतील ते आपण विचारतो. इथे शेवटची रक्कम ठरलेली आहे आणि हप्ता शोधायचा आहे. त्यासाठी आधी विचारायचे की, दर वर्षअखेरीस १ रुपया टाकला तर दहा वर्षांनी किती होतील? पहिला रुपया नऊ वर्षे वाढतो, दुसरा आठ वर्षे, आणि शेवटचा भरला त्याच दिवशी काढला जातो. ६ टक्क्यांनी या दहा रुपयांचे १३ रुपये १८ पैसे होतात. २०० कोटींना १३.१८ ने भागले की हप्ता मिळतो: सुमारे १५ कोटी १७ लाख.

आता हा निधी वाढतो कसा ते बघा. पहिल्या वर्षअखेर त्यात १५ कोटी १७ लाख. दुसऱ्या वर्षी त्यांवर ९१ लाख व्याज आणि नवा हप्ता मिळून ३१ कोटी २६ लाख. तिसऱ्या वर्षअखेर ४८ कोटी ३१ लाख. सुरुवातीला व्याजाचा भाग किरकोळ वाटतो. नवव्या वर्षअखेर मात्र निधीत १७४ कोटी ३७ लाख असतात, आणि त्यांवर दहाव्या वर्षी नुसते व्याजच १० कोटी ४६ लाख मिळते. शेवटचा हप्ता पडला की २०० कोटी पुरे. महापालिकेने खिशातून घातले सुमारे १५१ कोटी ७४ लाख. उरलेले ४८ कोटी २६ लाख व्याजाने आणले.

यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की सगळे हप्ते दिसायला सारखे असले तरी त्यांचे वजन सारखे नसते. पहिल्या वर्षीचा हप्ता चुकवला आणि नंतर भरून काढला नाही, तर दहाव्या वर्षी तूट १५ कोटींची नसते. ती २५ कोटी ६४ लाखांची असते. नवव्या वर्षीचा चुकवला तर तूट १६ कोटी ८ लाख. आणि व्यवहारात चुकतात ते सुरुवातीचेच हप्ते, कारण तेव्हा जलवाहिन्या टाकण्याचे काम चालू असते, ठेकेदारांची बिले टेबलावर असतात आणि मुदत दहा वर्षे लांब असते. ‘पहिली पाच वर्षे जाऊ द्या, उत्पन्न वाढले की भरू’ हे ऐकायला समंजस वाटते. सहाव्या वर्षापासून भरायला घेतले तर हप्ता ३५ कोटी ४८ लाखांवर जातो. त्यात रोख्यांचे व्याज मिळवले की वर्षाला पन्नास कोटींहून अधिक बोजा, तोही फक्त नंतर येणाऱ्यांवर.

दुसरी गोची व्याजदराची. ६ टक्के हा दहा वर्षांचा अंदाज आहे, करार नव्हे. पाच वर्षे ६ टक्के मिळाले आणि पुढची पाच वर्षे ५ टक्केच मिळाले, असे समजू. पाचव्या वर्षअखेर निधीत ८५ कोटी ५३ लाख असतील. हप्ता तोच ठेवला तर शेवटी १९३ कोटीच जमतील, म्हणजे ७ कोटी कमी. ही तूट सहाव्या वर्षीच ओळखली तर उपाय हलका आहे: हप्ता १६ कोटी ४४ लाखांवर न्यायचा, म्हणजे वर्षाला सव्वा कोटीच्या आसपास जास्त. दहाव्या वर्षी लक्षात आली तर ७ कोटी एका दमात शोधावे लागतात. म्हणजे रोखे विकताना काढलेला हप्ता दहा वर्षे डोळे मिटून भरायचा नसतो. दरवर्षी निधीत किती आहे, किती असायला हवे होते आणि पुढे किती व्याज मिळेल, हे बघून तो पुन्हा मांडायचा असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ यात नेमकी हीच कल्पना आहे. निधीची दरवर्षी तपासणी व्हावी, ठरल्या वेळी हप्ते पडून ठरलेले व्याज मिळाले असते तर जेवढी रक्कम असती तेवढी प्रत्यक्षात आहे का ते पाहावे, आणि नसेल तर महापालिकेने ती भरून काढावी. कायदा करणाऱ्यांना गणित आणि माणसाचा स्वभाव दोन्ही ठाऊक होते.

व्याजदर मनासारखा धरून हप्ता कमी दाखवण्याचा मोहही इथलाच. ७ टक्के धरले की हप्ता १४ कोटी ४८ लाखांवर येतो, ५ टक्के धरले की १५ कोटी ९० लाखांवर जातो. अंदाजपत्रकात हप्ता लहान दिसत असेल तर आधी त्यामागचा धरलेला दर विचारावा.

मग एक रास्त शंका येते. रोख्यांवर ७.५९ टक्के व्याज द्यायचे आणि निधीत ६ टक्के मिळवायचे, हा आतबट्ट्याचा व्यवहार नाही का? आहे, आणि तो मोजता येतो. व्याज आणि निधीचा हप्ता मिळून वर्षाला सुमारे ३० कोटी ३५ लाख जातात. हेच २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी घरकर्जासारखे दहा समान वार्षिक हप्त्यांत फेडले असते, तर हप्ता २९ कोटी २६ लाख पडला असता. म्हणजे मुद्दल शेवटपर्यंत राखून ठेवण्याची किंमत वर्षाला साधारण १ कोटी १० लाख. ही किंमत मोजायची कारण विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी अशा मोठ्या खरेदीदारांना दहा वर्षे पूर्ण रकमेवर व्याज देणारा रोखा सोयीचा असतो. काही रोख्यांत मुद्दल टप्प्याटप्प्याने परत करण्याची अट असते. तिथे हा फरक कमी होतो.

निधीचा सर्वांत मोठा घात मात्र वेगळ्याच मार्गाने होतो आणि त्याचे उदाहरण इंग्लंडचे आहे. पंतप्रधान धाकटे पिट यांनी १७८६ मध्ये राष्ट्रीय कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी १० लाख पौंड वेगळे काढण्याचा कायदा करवून घेतला. रिचर्ड प्राइस या धर्मोपदेशक-गणितज्ञाने चक्रवाढीची ताकद आधीच लोकांच्या मनावर ठसवली होती. शांततेच्या वर्षांत शिल्लक होती, तोवर कर्ज खरेच कमी होत गेले. मग फ्रान्सशी युद्ध सुरू झाले, तिजोरीत तूट आली, तरी निधीचे हप्ते चालूच राहिले आणि ते भरण्यासाठी सरकार बाजारातून नवे कर्ज काढू लागले. निधी फुगत होता आणि एकूण कर्ज त्याहून वेगाने. स्कॉटलंडमधले गणिताचे प्राध्यापक रॉबर्ट हॅमिल्टन यांनी १८१३ मध्ये पुस्तक लिहून हे उघड केले: उत्पन्न खर्चापेक्षा जास्त असेल तरच कर्ज फिटते, कर्जाच्या पैशाने भरलेला निधी काहीच फेडत नाही. पुढे १८२९ मध्ये ती व्यवस्था मोडीत काढली गेली.

महापालिकेच्या बाबतीत ही कसोटी लावणे अवघड नाही. निधीचा हप्ता मालमत्ता कर, पाणीपट्टी अशा नेहमीच्या उत्पन्नातून गेला की त्याच वर्षी काढलेल्या दुसऱ्या कर्जातून? पैसा वेगळ्या खात्यात प्रत्यक्ष पडला, की नुसती वहीत तरतूद झाली? आणि तो गुंतवला कशात? सरकारी रोखे सुरक्षित खरे, पण २०२७ मध्ये हवा असलेला पैसा २०३५ मध्ये परिपक्व होणाऱ्या रोख्यात अडकवला असेल, तर तो मधेच बाजारभावाने विकावा लागेल. आणि त्या वेळी व्याजदर चढलेले असतील तर भाव पडलेला असेल. म्हणून मुदत जवळ येऊ लागली की निधीतली गुंतवणूक हळूहळू अल्प मुदतीच्या ठेवी आणि ट्रेझरी बिलांकडे वळवतात. शेवटच्या वर्षात एखादा टक्का व्याज कमी मिळाले तरी चालते. फेडीच्या तारखेच्या आधी पूर्ण रक्कम रोखीत, देणी देणाऱ्या खात्यात असावी लागते.