बुद्धिबळातल्या पहिल्या दहा चाली : मोहरे बाहेर, मध्यभाग हातात, राजा घरात

घरात मुलं बुद्धिबळ, म्हणजे आपल्या बोलीत शतरंज, खेळायला बसली की डाव बहुतेक वेळा पंधरा-वीस चालींत संपतो. हरलेलं मूल म्हणतं, "मला शेवटी वजीर दिसलाच नाही." पण डाव शेवटी हरलेला नसतो, पहिल्या दहा चालींतच हरलेला असतो. त्या दहा चालींत काय करायचं, हे एका खऱ्या डावातून पाहू. मोहरे कसे चालतात एवढं येत असेल तर पुरे. पट समोर मांडून वाचलं तर जास्त बरं.

आधी घरांची नावं. पांढऱ्याच्या बाजूने पाहिलं तर उभ्या ओळी डावीकडून ए ते एच आणि आडव्या ओळी खालून १ ते ८. पांढरा राजा ई१ वर असतो, काळा ई८ वर. डी४, ई४, डी५, ई५ ही मधली चार घरं म्हणजे पटाचा मध्यभाग. मध्ये उभा घोडा आठ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यातला फक्त दोन. मध्यभागासाठी भांडायचं ते यासाठीच.

आता डाव. साल १८५८, पॅरिसचं ऑपेरा थिएटर. पांढऱ्याकडून पॉल मॉर्फी हा २१ वर्षांचा अमेरिकन, काळ्याकडून एक ड्यूक आणि एक काउंट, दोघं सल्लामसलत करून खेळणारे. डाव सतरा चालींत संपला.

पहिली चाल : पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. दोघांनीही मध्यभागात पाय रोवला, शिवाय उंट आणि वजीर यांची वाट मोकळी झाली. दुसरी : पांढरा घोडा एफ३ वर. तो बाहेर आला आणि येता येता ई५ च्या प्याद्यावर हल्लाही केला. काळ्याने डी६ ला प्यादं लावून ते वाचवलं. चाल चुकीची नाही, पण एफ८ वरच्या उंटाला आता ई७ एवढंच घर उरलं. हे लक्षात ठेवा.

तिसरी चाल : पांढऱ्याचं दुसरं प्यादं डी४ वर, मध्यभागावर आणखी जोर. इथे काळ्याने उंट जी४ वर नेऊन घोडा अडकवला. मग पांढऱ्याने ई५ चं प्यादं मारलं, काळ्याने उंटाने एफ३ चा घोडा मारला, पांढऱ्या वजिराने तो उंट मारला, आणि काळ्याने ई५ वरचं प्यादं परत घेतलं. मोहऱ्यांचा हिशेब बरोबरीचा, पण चालींचा नाही. काळ्याचा उंट दोन चाली खर्च करून पटावरून गेला. पांढऱ्याचा वजीर मात्र मारता मारता बाहेर आला.

सहावी चाल : पांढरा उंट सी४ वर. आता उंट आणि वजीर दोघांची नजर एफ७ वर आहे. सुरुवातीला त्या प्याद्याला राजाशिवाय कोणाचाच आधार नसतो, म्हणून शाळेतली मुलं चार चालींत मात देतात ती तिथेच. काळ्याने घोडा एफ६ वर आणून वजिराची वाट अडवली. सातवी चाल : पांढरा वजीर बी३ वर. एकाच वेळी एफ७ आणि बी७ अशा दोन प्याद्यांवर हल्ला. काळ्याने एफ७ वाचवायला वजीर ई७ वर आणला.

आता एफ८ वरचा उंट बघा. त्याला उरलेलं एकच घर आपल्याच वजिराने बंद केलं. उंट हलत नाही, म्हणून राजाला त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही, आणि कोपऱ्यातला हत्तीही अडकला.

मॉर्फीला बी७ चं प्यादं फुकट मिळत होतं. पण ते घेतलं असतं तर काळ्याने वजिराने शह देऊन वजिरांची अदलाबदल केली असती आणि सुटका करून घेतली असती. मॉर्फीने घोडा सी३ वर काढला. काळा सी६ खेळला, पांढरा उंट जी५ वर आला, काळ्याने बी५ ला प्यादं ढकललं. नऊ चाली झाल्या. मोजा : पांढऱ्याचे बाहेर आलेले मोहरे चार, काळ्याचे दोन. पांढऱ्याचा राजा कॅसलिंगला तयार, काळ्याचा मध्येच उघडा.

दहाव्या चालीला मॉर्फीने बी५ चं प्यादं मारून घोडा सोडला, कारण समोरच्याकडे वाचवायला मोहरेच नव्हते. बाराव्या चालीला त्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. राजा सुरक्षित झाला आणि त्याच चालीत हत्ती डी ओळीत येऊन हल्ल्यात उतरला. सतराव्या चालीला मात झाली तेव्हा काळ्याचा एफ८ चा उंट आणि एच८ चा हत्ती एकदाही हलले नव्हते.

काळ्याने काय करायला हवं होतं? तिसऱ्या चालीला उंट न काढता डी४ चं प्यादं मारायचं. पांढरा घोड्याने परत मारेल. मग काळ्याचा घोडा एफ६, उंट ई७, आणि सहाव्या चालीला कॅसलिंग. डाव साधा, पण राजा घरात.

कॅसलिंगच्या अटी मुलांना नीट सांगा. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, दोघांमध्ये एकही मोहरा नसावा. राजा शहात नसावा, आणि तो ज्या घरावरून जातो किंवा जिथे थांबतो तिथे शत्रूचा मारा नसावा.

आता दहा चालींचा हिशेब असा. मध्यभागात दोन प्यादी, म्हणजे दोन चाली. दोन घोडे, दोन उंट, म्हणजे चार. कॅसलिंगची एक. एकूण सात. उरलेल्या तीन चाली समोरच्याच्या धमक्यांना उत्तर द्यायला आणि हत्ती मधल्या मोकळ्या ओळीत आणायला. म्हणून कडेची प्यादी ढकलणं किंवा एकच मोहरा पुन्हा पुन्हा हलवणं परवडत नाही. वजीर एकटा शिकारीला पाठवू नका : समोरचा त्याच्यावर हल्ला करत करत आपले मोहरे बाहेर काढतो. मॉर्फीचा वजीर पाचव्या चालीला आला तो मारा परत करायला.

हे नियम पटावर काय चाललंय ते बघण्याच्या आड येऊ नयेत. समोरच्याने मोहरा खरोखर फुकट सोडला तर घ्या, आणि तुमचा मोहरा धोक्यात असेल तर आधी तो वाचवा. प्रत्येक चालीआधी एकच सवाल : त्याने आत्ता केलेल्या चालीने कशावर मारा आला?

पुढच्या वेळी मुलांसोबत बसाल तेव्हा दहाव्या चालीला डाव थांबवा आणि दोन्ही बाजूंचे पहिल्या घरातून निघालेले घोडे-उंट मोजा, राजा कुठे आहे ते बघा. मग डाव पुढे चालवा. कोणाचा राजा आधी अडचणीत येणार, हे बहुतेक वेळा त्या मोजणीतच दिसेल.