कमरपट्ट्याचे माप कुठे घ्यावे?

दिवाळीच्या सुमारास वाशीम, कारंजा किंवा रिसोडच्या बाजार समितीच्या आवारात गेलात तर सोयाबीनची पोती पाठीवर घेऊन चालणारे हमाल तुम्हांला दिसतील. त्यांतील एखाद्याच्या कमरेला सदऱ्याखाली रुंद पट्टा आवळलेला असतो. सोयाबीनच्या सोंगणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायांपैकीही काहींना डॉक्टर असा पट्टा वापरायला सांगतात. औषधांच्या दुकानात त्याला 'एल. एस. बेल्ट' म्हणतात. 'एल' म्हणजे लंबर, अर्थात कमरेचे मणके आणि 'एस' म्हणजे सॅक्रल, अर्थात त्यांच्या खालचे त्रिकास्थी. पट्टा कोणत्या हाडांसाठी आहे, हे त्याच्या नावातच सांगितलेले आहे.

दुकानदार विचारतो, "साइज कोणता?" गिऱ्हाईक आपल्या पँटचा नंबर सांगते आणि तेवढ्यावर पट्टा घरी येतो. चार दिवसांत तो वर सरकू लागतो किंवा बसताना पोटात रुततो. मग तो खुंटीला टांगला जातो आणि पैसे वाया जातात. पट्ट्यात दोष असेलच असे नाही. बहुधा माप चुकीच्या जागी घेतलेले असते. ही जागा कशी शोधायची, ते आता पाहू.

पँटचा नंबर का चालत नाही?

पँट कमरेच्या सर्वांत बारीक भागावर क्वचितच बसते. ज्यांचे पोट थोडे सुटलेले आहे ते पँट पोटाखाली बांधतात, तर काहीजण ती पोटावर चढवून घालतात. शिवाय तयार पँटवर छापलेला नंबर आणि तिचा खरा घेर यांत फरक असतो. पँटचा नंबर इंचांत आणि पट्ट्याचा तक्ता सेंटिमीटरमध्ये, हा आणखी एक घोटाळा. मुख्य गोष्ट अशी, की पँटचा नंबर हा पँट बांधण्याच्या जागेचा घेर आहे आणि पट्टा बसतो दुसऱ्या जागी.

जागा हाडावरून शोधा

पोट सुटते, ओघळते, जेवणानंतर फुगते. बेंबीही पोटाबरोबर खाली जाते. हाडे मात्र जागची हलत नाहीत. म्हणून माप घेण्याची जागा हाडावरून ठरवावी.

ताठ उभे राहा. दोन्ही हातांची पहिली बोटे बाजूंनी बरगड्यांच्या खाली, मऊ भागावर आडवी ठेवा आणि हळूहळू खाली सरकवा. थोड्या अंतरावर बोटे एका कठीण कडेवर थांबतील. ही कमरेच्या हाडाची वरची कड होय. दोन्ही बाजूंच्या कडा जोडणारी एक आडवी रेषा पाठीवर आहे अशी कल्पना करा. कमरेत पाच मणके असतात. ही रेषा बहुतेक माणसांत चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधल्या फटीवरून जाते. शस्त्रक्रियेपूर्वी कमरेत भुलीचे इंजेक्शन देताना डॉक्टर हीच रेषा खुणेसाठी वापरतात. कमरेचे दुखणे बहुधा चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील किंवा पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांमधील चकतीशी निगडित असते. म्हणजे ही रेषा आपल्याला नेमकी कामाच्या जागी नेते.

आणखी एक खूण पाठीवर आहे. पुष्कळ जणांच्या कमरेखाली, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान खळ्या दिसतात. त्या त्रिकास्थीच्या पातळीवर असतात. पट्ट्याचा मागचा भाग वरच्या रेषेपासून या खळ्यांच्या खालपर्यंत पोचला, तर तो योग्य ठिकाणी आहे असे समजावे. पुढच्या बाजूला त्याची खालची कड जांघेच्या घडीच्या वर राहिली पाहिजे. नाही तर बसताना ती मांडीवर टेकते आणि पूर्ण पट्टा वर ढकलला जातो.

लठ्ठ माणसात एक काळजी घ्यावी. कडेवर चरबीचा थर असला की बोटे हाडापर्यंत पोचण्याआधीच थांबतात आणि जागा खरीपेक्षा वर मानली जाते. म्हणून बोटे आत दाबून, हाड टणक लागेपर्यंत चाचपावे.

फीत कशी धरावी?

शिंप्याची फीत चालते. मात्र ती कापडी असेल तर वापरून ताणली गेली आहे का, हे लोखंडी पट्टीशी ताडून पाहावे. उघड्या अंगावर, किंवा ज्या पातळ बनियनवर पट्टा बांधायचा आहे त्या बनियनवर, हाडाच्या कडेच्या पातळीवर फीत फिरवावी. ती अंगाला टेकावी, रुतू नये. पोट आत ओढू नये. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचावा. असे तीनदा करून सरासरी काढावी.

फीत मागे थोडी वर किंवा खाली गेली तर फार बिघडते का? समजा, शरीर हे ९० सेंटिमीटर घेराचे नळकांडे आहे. फीत पुढच्यापेक्षा मागे ५ सेंटिमीटर वर गेली, तर गणिताने घेर एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वाढतो. म्हणजे नुसत्या तिरकेपणाने फारसे नुकसान होत नाही. पण शरीर नळकांडे नाही. तिरकी फीत पुढे पोटाच्या फुगवट्यावर किंवा त्याखाली उतरते, आणि खरी चूक तिथे होते.

याहून मोठी चूक कपड्यांमुळे होते. वर्तुळाचा परीघ २πr असतो, हे तुम्ही शिकला आहात. त्रिज्या १ सेंटिमीटरने वाढली तर परीघ २π, म्हणजे सुमारे ६.३ सेंटिमीटरने वाढतो, मग मूळ वर्तुळ केवढेही असो! धोतराच्या घड्या किंवा लुगड्याचा ओचा यांची जाडी सरासरी १ सेंटिमीटर भरली, तरी घेर सहा सेंटिमीटर जास्त येतो. लुगडे नेसणाऱ्या आजीचे माप घरातल्याच बाईने लुगडे सैल करून, पातळ कापडावर घ्यावे. परकराची नाडीही तेवढ्यापुरती ढिली करावी.

एका हमालाचे उदाहरण

एका प्रकारच्या पट्ट्याच्या खोक्यावर असा तक्ता आहे असे समजू: लहान ७० ते ८०, मध्यम ८० ते ९०, मोठा ९० ते १०० आणि अतिमोठा १०० ते ११० सेंटिमीटर. एक हमाल बाजारात धोतर नेसतो आणि तालुक्याला जाताना पँट घालतो. पँटचा नंबर ३४. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, म्हणून ३४ × २.५४ = ८६.४. तक्त्याप्रमाणे 'मध्यम'.

घरी मुलाने धोतरावरूनच फीत फिरवली. घड्यांची सरासरी जाडी १.२ सेंटिमीटर होती. माप आले १०१, म्हणजे 'अतिमोठा'. मग धोतर सोडून, हाडाची कड चाचपून, बनियनवर तीन मापे घेतली: ९३, ९४, ९३. सरासरी ९३.३, म्हणजे 'मोठा'. पडताळा पाहा: १.२ × ६.२८ = ७.५ आणि ९३.३ + ७.५ = १००.८. धोतरावरच्या मापाचा हिशेब बरोबर जुळला. माणूस एकच, पण तीन पद्धतींनी तीन वेगळे साइज आले.

'मध्यम' घेतला असता तर पट्ट्याची दोन टोके एकमेकांवर पुरेशी आली नसती. वेल्क्रोची पकड थोड्याच जागेवर राहून तो वाकताना सुटला असता, आणि ताणलेले रबर पोटात रुतले असते. 'अतिमोठा' घेतला असता तर टोके एकमेकांवर फार आली असती आणि पट्टा पुरेसा आवळता आला नसता. पट्ट्याच्या पाठीमागे धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्या असतात. त्या कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर बसायला हव्यात. सैल पट्टा फिरतो आणि त्या एका बाजूला जातात.

सगळ्या कंपन्यांचे तक्ते सारखे नसतात. काही खोक्यांवर बेंबीच्या पातळीवर, तर काहींवर नितंबांच्या घेरावर माप घ्यायला सांगितलेले असते. खोक्यावर माणसाचे चित्र आणि त्यावर फितीची रेघ असेल, तर तेथेच माप घ्यावे, कारण तक्ता त्या रेघेसाठी बनवलेला आहे. नुसते 'कमर' असे लिहिले असेल, तर हाडाच्या कडेची जागा धरावी.

पट्टा वर का सरकतो?

पुष्कळ माणसांत कंबर बारीक आणि त्याखालचा भाग रुंद असतो. शंकूवर ताणलेला रबरी छल्ला घातला तर तो निमुळत्या बाजूकडे सरकतो, कारण तिथे त्याचा ताण कमी होतो. पट्टाही तसाच वर, बारीक भागाकडे सरकतो. म्हणून उभे राहून, श्वास सोडून, आधी खालची बाजू नीट बसवून तो बांधावा. मग खुर्चीवर बसून पाहावे. पट्टा आणि पोट यांच्यात सपाट हात जेमतेम शिरला पाहिजे. श्वास अडखळला किंवा बरगड्यांना कड टोचली, तर पट्टा फार घट्ट आहे किंवा फार वर बांधला आहे.

पट्टा काय करीत नाही?

योग्य मापाचा पट्टा वाकण्याची मोकळीक थोडी कमी करतो, पोटाला बाहेरून आधार देतो आणि 'जपून वाक' अशी आठवण करून देतो. पाठीवरचे पोते मात्र तो हलके करीत नाही. दुखणे नसलेल्या कामगारांनी पट्टा बांधला तर पाठदुखी टळते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत दुकानांत माल उचलणाऱ्या सुमारे नऊ हजार कामगारांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पट्टा नेहमी बांधणाऱ्यांत आणि न बांधणाऱ्यांत पाठदुखीच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून 'पट्टा आहे, आता दोन पोती उचलू' हा विचार धोक्याचा आहे. डॉक्टरांनी सांगितले असेल तेव्हा आणि तेवढाच वेळ पट्टा वापरावा. पाय बधिर होणे, पायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काही झाले तर पट्ट्याच्या भरवशावर न राहता लगेच रुग्णालयात जावे.

करून पाहा

वर्गात दोन-दोन जणांच्या जोड्या करा. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या कमरेच्या हाडाची कड शोधावी आणि सदऱ्यावरून बेंबीच्या पातळीवर, हाडाच्या कडेवर आणि पँट किंवा स्कर्ट बांधतो त्या जागी असे तीन घेर तीन-तीनदा मोजून सरासरी काढावी. मग कमरेभोवती एक टॉवेल गुंडाळून हाडाच्या कडेवरचे माप पुन्हा घ्यावे. दोन मापांतील फरकाला ६.२८ ने भागले की टॉवेलची जाडी मिळेल. तीच जाडी पट्टीने मोजून ताडून पाहा. शेवटी घरी ज्यांच्याकडे असा पट्टा आहे त्यांचे माप नीट घ्या आणि ते खोक्यावरच्या तक्त्यात कुठे बसते ते बघा.