कुलूपबंद घरांची सरासरी

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरडवाहू गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, म्हणजे त्यांच्या भाषेत एक कोयता, पाच-सहा महिन्यांसाठी कारखान्याच्या फडात जाते. मागे राहतात म्हातारी माणसं आणि काही कुलूपबंद घरं. त्याच हिवाळ्यात कुटुंबाच्या उत्पन्नाची पाहणी झाली, तर घरातली आजी जमीन किती, माणसं किती, कोण कुठे गेलं हे सांगते. उचल किती होती, तोडीचे पैसे किती सुटले, हे मात्र तिला ठाऊक नसतं. प्रश्नावलीतला तो रकाना कोरा राहतो. या कोऱ्या रकान्याचं काय करायचं, हा प्रश्न पाहणीचा निष्कर्षच बदलू शकतो. वगळणं हा तटस्थ मार्ग आहे आणि भरणं म्हणजे आकडे रचणं, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. दोन्ही मार्ग गृहीतकांवरच उभे आहेत आणि बहुतेक वेळा वगळण्याचं गृहीतक जास्त कडक असतं.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. घरालाच कुलूप असेल तर अख्खं कुटुंब हुकतं. तिथे उत्तर देणाऱ्या तशाच कुटुंबांना जास्त भार देणं हा नेहमीचा उपाय आहे. पण घर उघडं असून एखादंच उत्तर नसेल, तर बाकीची माहिती हाताशी असते. पुढचं सगळं विवेचन या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. शिवाय ऊसतोडीला न जाणाऱ्या कुटुंबाचा ‘उचल किती’ हा रकाना कोरा असला, तर ते उत्तर हुकलेलं नाही. तो प्रश्न त्यांना लागूच नाही. हे दोन कोरेपण एकाच खुणेने नोंदवले, तर पुढची कोणतीही पद्धत उपयोगाची नाही.

सर्वांत सोपी रीत म्हणजे एकही उत्तर कोरं असलेलं कुटुंब हिशोबातून सरसकट काढून टाकणं. संख्याशास्त्रात हिला लिस्टवाइज डिलिशन म्हणतात. तिची पहिली किंमत नमुन्याच्या आकारात मोजावी लागते. दहा प्रश्नांपैकी प्रत्येकाला शंभरातली पाचच उत्तरं हुकली आणि ती एकमेकांशी संबंध नसताना हुकली, तरी दहाही उत्तरं पूर्ण असलेली कुटुंबं साठच्या आसपासच उरतात. दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. उरलेली कुटुंबं गेलेल्यांसारखीच आहेत, कोरेपणा निव्वळ योगायोगाचा आहे, असं ही रीत सरासरी काढताना न बोलता मानते.

हिशोबासाठी शंभर कुटुंबांचं एक कल्पित गाव घेऊ. साठ कुटुंबं गावातच राहतात आणि त्यांचं वर्षाचं सरासरी उत्पन्न दीड लाख आहे. चाळीस कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांचं सरासरी नव्वद हजार. गावाची खरी सरासरी १,२६,००० रुपये. आता गावात राहणाऱ्या साठपैकी चोपन्न कुटुंबांनी आणि जाणाऱ्या चाळीसपैकी दहाच कुटुंबांनी उत्तर दिलं, आणि दोन्ही गटांत उत्तर देणाऱ्यांची सरासरी त्या गटाएवढीच आहे, असं धरू. कोरी कुटुंबं वगळली तर चौसष्ट उरतात आणि त्यांची सरासरी १,४०,६२५ येते. गाव कागदावर सुमारे बारा टक्क्यांनी सधन झालं. कुणीही खोटं बोललेलं नाही, एकही आकडा रचलेला नाही, तरी निष्कर्ष चुकला. नमुना दहापट मोठा घेतला तरी ही चूक आटत नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा विश्वास वाढतो.

डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये या कोरेपणाच्या कारणांची नीट मांडणी केली आणि १९८७ च्या ग्रंथात बहुविध आरोपणाची, म्हणजे मल्टिपल इम्प्युटेशनची, पद्धत सविस्तर दिली. तिचं गृहीतक असं, की जी माहिती आपल्याकडे आहे ती लक्षात घेतल्यावर उत्तर हुकणं आणि हुकलेला आकडा यांचा आपसांत संबंध उरत नाही. आपल्या गावात कुटुंब ऊसतोडीला जातं की नाही हे आजीने सांगितलेलं आहे. त्यामुळे ऊसतोडीला जाणाऱ्या तीस कोऱ्या कुटुंबांचा अंदाज त्यांच्यासारख्याच दहा कुटुंबांवरून, तर गावात राहणाऱ्या सहांचा चोपन्नांवरून बांधता येतो, आणि सरासरी १,२६,००० च्या आसपास परतते. मात्र प्रत्येक कोऱ्या रकान्यात गटाची सरासरी बसवणं म्हणजे बहुविध आरोपण नव्हे. तसं केलं तर तीस घरं एकसारखी होतात आणि उत्पन्नातला खरा चढउतार पुसला जातो. म्हणून जमीन, कुटुंबाचा आकार, स्थलांतर यांवरून अंदाज बांधून त्यात योग्य तेवढी अनिश्चितता मिसळली जाते, आणि संपूर्ण माहितीसंच पुन्हा पुन्हा, समजा पाच वेळा, भरला जातो.

समजा पाच संचांतल्या सरासऱ्या १,२२,०००, १,२४,०००, १,२६,०००, १,२८,००० आणि १,३०,००० आल्या. अंतिम अंदाज त्यांची सरासरी, १,२६,०००. एकेका संचात प्रमाण त्रुटी ४,००० रुपये असेल, तर रुबिन यांच्या नियमाने संचासंचांमधला फरकही तीत मिळवावा लागतो. मग ती सुमारे ५,३०० होते. हा वाढीव आकडा हीच या पद्धतीची सचोटी आहे, कारण आपल्याला काय ठाऊक नाही त्याची किंमत ती निष्कर्षात उघडपणे मोजते. आकडे रचल्याच्या आरोपाला उत्तरही हेच. भरलेले आकडे त्या कुटुंबांची उत्पन्नं म्हणून कुणी वापरायचेच नसतात. ते फक्त गावाच्या अंदाजासाठी असतात.

वगळणीच्या बाजूने एक आक्षेप मात्र खरा आहे. प्रश्न सरासरीचा नसून संबंधाचा असेल, उदाहरणार्थ शिक्षण आणि स्थलांतरावरून उत्पन्न कसं बदलतं हा असेल, आणि उत्तर हुकणं त्या दोन गोष्टींवरच अवलंबून असेल, तर पूर्ण कुटुंबांवरून काढलेला संबंध बरोबर येतो. फक्त उत्पन्नच हुकलेलं असेल आणि आरोपणाकडे आणखी काही माहिती नसेल, तर ते इथे काही नवं देत नाही. म्हणून वगळणी कायमच वाईट असं नव्हे. ती कोणत्या प्रश्नासाठी वापरली हे पाहायला हवं. उलट आरोपणही निष्काळजीपणे केलं तर बिघडतं. जमिनीचा आकडा भरताना उत्पन्नाची माहिती बाजूला ठेवली, तर पुढे जमीन आणि उत्पन्न यांचा संबंध नकली फिका दिसतो. उत्पन्नाचं वाटप एका बाजूला ओढलेलं असताना साधा अंदाज वापरला, तर काही घरांचं उत्पन्न शून्याखाली जातं. अशी घरं दिसली की प्रारूप चुकलं हे ओळखावं.

सर्वांत मोठा आक्षेप याहून खोल आहे. उत्तर हुकण्याचं कारण उत्पन्नच असलं तर? ज्यांची उचल फिटलीच नाही त्यांच्या घरी आजीला काही सांगितलंच गेलं नसेल, आणि ज्या दहा घरांनी उत्तर दिलं ती त्यातल्या त्यात बरी असतील. असं असेल तर बहुविध आरोपणही चुकेल. हे आहे की नाही, हे हातातल्या माहितीवरून कधीच तपासता येत नाही, कारण तपासायला लागणारे आकडेच कोरे आहेत. करता येतं ते एवढंच, की तीस घरांचे भरलेले आकडे मुद्दाम दहा हजारांनी खाली ओढून पाहायचे. गावाची सरासरी १,२३,००० होते. वीस हजारांनी ओढले तर १,२०,०००. एवढ्या हेलकाव्यातही निष्कर्ष टिकत असेल तर तो विश्वासाने छापावा. टिकत नसेल तर तसं लिहावं. वगळणीचा आकडा १,४०,६२५ होता, हे इथे आठवावं. ती तीस घरं खरोखरच वीस हजारांनी गरीब असली, तरी आरोपणाचं १,२६,००० हे उत्तर खऱ्या आकड्यापासून तेवढं लांब जात नाही.

अखेर खरा पुरावा गावातच आहे. हॅन्सन आणि हर्विट्झ यांनी १९४६ मध्येच सुचवलं होतं, की उत्तर न देणाऱ्यांतून छोटा नमुना घेऊन त्यांच्याकडे पुन्हा जावं. टोळ्या हंगाम संपवून परततात तेव्हा, उन्हाळ्यात, तीसपैकी आठ-दहा घरी पुन्हा जाऊन विचारलं, तर दहा हजार ओढावे की वीस, याचा आधार तरी मिळतो. त्यामुळे पाहणीचा अहवाल वाचताना सरासरीच्या आधी दोन ओळी शोधाव्यात: किती घरांचं उत्तर हुकलं, आणि ती घरं कुणाची होती. या दोन ओळी नसतील, तर सरासरी ऊसतोडीला न गेलेल्यांचीच समजावी.