सर्वांत स्वस्त केबलजाळे

पाच गावे केबलने जोडायची आहेत आणि हाती नकाशाचा फोटो आहे. आधी त्यातील प्रत्येक रेषा व तिचा लाखांतील खर्च उतरवून घ्यावा: डइ २, अब ३, बक ४, अक ५, कड ६, कइ ७, बड ८. खरी चूक इथेच होते, कारण तिरक्या फोटोत आकडा शेजारच्या रेषेचा वाटतो.

जोसेफ क्रुस्कल यांची १९५६ची रीत हावरट आहे: उरलेल्यांतली सर्वांत स्वस्त रेषा घ्यायची, पण तिने वेटोळे होत असेल तर सोडायची. डइ, अब, बक घेतल्या. अक मात्र सुटते, कारण अ आणि क हे ब मार्गे आधीच जोडलेले आहेत. मग कड घेतली की चार रेषांत पाचही गावे जोडली जातात. एकूण खर्च १५ लाख.

असा हावरटपणा एरवी अंगाशी येतो, इथे येत नाही. अ-ब-क आणि ड-इ हे गट कधीतरी जोडावेच लागणार. त्यांच्यामधल्या रेषा ६, ७ व ८च्या. ६ सोडून दुसरी घेतली, तर ती बदलून ६ घेताच खर्च उतरतो.

फोटोतला पुसट ५ खरे तर ३ असेल, तर बकऐवजी अक येते आणि खर्च १४ होतो. तो ६ निघाला, तर काहीच बदलत नाही. म्हणून शंकास्पद आकडे दोन्ही प्रकारे तपासावेत.

या जाळ्यात एक केबल तुटली तरी गावे दुभंगतात. पर्यायी वाटेचा खर्च वेगळा धरावा लागतो.